हप्ता ठरलेला, महिने किती? एक्सेलमधलं NPER आणि सातपाटीच्या बोटीचं कर्ज

गेल्या उन्हाळ्यात मामांनी मला सातपाटीला बोलावून घेतलं. बोटीचं इंजिन उघडून बघितल्यावर मिस्त्रीने सांगितलं होतं, दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा दुसरं घ्या. त्यात थोडी जाळीही नवी घ्यायची होती. सगळं मिळून चार लाखांचं कर्ज निघत होतं. एका पतसंस्थेने वर्षाला 12 टक्के, कमी होत जाणाऱ्या शिल्लकेवर, असा दर सांगितला होता. मामांचं म्हणणं सरळ होतं. "डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा सगळं जाऊन महिन्याला दहा हजार मी देऊ शकतो. त्यापेक्षा एक रुपया जास्त कबूल करणार नाही. तू फक्त सांग, किती महिने भरत बसायचं?"

आता बघा, इंटरनेटवर जितके म्हणून कर्जाचे कॅल्क्युलेटर आहेत, ते बहुतेक उलटा प्रश्न सोडवतात. रक्कम टाका, व्याज टाका, किती वर्षं ते टाका, मग हप्ता किती ते सांगतो. पण ज्याची कमाई ठरलेली आहे त्याच्या डोक्यात हप्ता आधीच ठरलेला असतो, त्याला मुदत हवी असते. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये यासाठी NPER नावाचं फंक्शन तयारच आहे. मोबाईलवरच्या गूगल शीट्समध्येही ते चालतं, मी मामांच्या ओट्यावर बसून मोबाईलवरच केलं.

आधी साधं गणित

कोऱ्या शीटमध्ये B1 मध्ये 12%, B2 मध्ये 10000 आणि B3 मध्ये 400000 लिहा. 12 च्या पुढे टक्क्याचं चिन्ह विसरू नका, नाहीतर शीट त्याला बाराशे टक्के समजेल. मग B5 मध्ये हे लिहा:

```
=NPER(B1/12, -B2, B3)
```

उत्तर येतं 51.34. म्हणजे 51 महिने पूर्ण हप्ता, आणि 52 व्या महिन्यात थोडं उरलंसुरलं.

कंसातल्या तीन गोष्टी समजून घेऊ. पहिली म्हणजे एका महिन्याचा व्याजदर. दर वर्षाचा सांगितलेला असतो आणि हप्ता महिन्याचा असतो, म्हणून 12 ने भागायचं. इथे महिन्याला 1 टक्का झाला. दुसरी म्हणजे हप्ता, तिसरी म्हणजे आज हातात येणारं कर्ज. भागायचं विसरलात तर काय होईल? शीट समजेल की महिन्यालाच 12 टक्के व्याज आहे, म्हणजे 48 हजार. दहा हजारांत ते कसं फिटणार, म्हणून #NUM! असा एरर येईल. हा एरर आला तर निदान चूक कळते तरी.

दुसरी चूक मात्र गुपचूप फसवते, आणि मीही तीच आधी केली. हप्त्याच्या आधी वजा चिन्ह आहे ते बघा. या फंक्शनमध्ये आपल्याकडे येणारे पैसे अधिक आणि आपल्याकडून जाणारे पैसे वजा धरतात. कर्ज हातात येतं म्हणून अधिक, हप्ता हातातून जातो म्हणून वजा. ते वजा न लावता मी `=NPER(B1/12, B2, B3)` लिहिलं आणि उत्तर आलं -33.82. एरर नाही, काही नाही. मला वाटलं, चिन्हाचाच काहीतरी घोळ असेल, वजा पुसलं की झालं. मामांना सांगूनही टाकलं, 34 महिने. मामा मुद्दलाचा हिशेब तोंडी करतात. ते म्हणाले, "चार लाखांना दहा हजाराने भागलं तर बिनव्याजीच चाळीस महिने होतात. व्याज लावून चौतीस कसे?" मी गप्प.

ते वजा 34 नक्की काय आहे हेही सांगतो, कारण ते फक्त चिन्ह चुकलेलं 51 नाही. हप्ता आणि कर्ज दोन्ही अधिक लिहिलं की शीटला वाटतं दोन्ही पैसे आपल्याकडेच येतायत. मग ते उत्तर शोधायला काळात मागे जातं, आणि तिथून आलेल्या आकड्याचा आपल्या कर्जाशी काहीही संबंध नसतो. त्यामुळे उत्तर वजा आलं तर वजा पुसू नका, फॉर्म्युला दुरुस्त करा. आणि मामांची चाचणी लक्षात ठेवा. मुद्दल भागिले हप्ता, यापेक्षा कमी महिने कधीच येऊ शकत नाहीत.

51.34 मधलं .34 म्हणजे काय

बरेच जण यापुढे `ROUNDUP` लावतात आणि 52 म्हणतात. मुदत म्हणून ते बरोबर आहे. पण शेवटचा हप्ता दहा हजाराचा नसतो, आणि तो दहा हजाराच्या 0.34 पट, म्हणजे 3,400 सुद्धा नसतो, जवळपास असला तरी. नक्की आकडा असा काढायचा:

```
=-FV(B1/12, 51, -B2, B3) * (1 + B1/12)
```

`FV` इथे 51 हप्ते भरून झाल्यावर किती शिल्लक राहिली ते सांगतं. ती राहते 3,353 रुपये. तिच्यावर एक महिन्याचं व्याज चढून 52 वा हप्ता होतो 3,387 रुपये. एकूण भरलेले पैसे 51 गुणिले दहा हजार अधिक 3,387, म्हणजे 5,13,387. व्याज एक लाख तेरा हजार आणि वर थोडे. पतसंस्थेकडून हप्त्यांचा तक्ता मिळाला तेव्हा त्यातला शेवटचा आकडा मी आधी बघितला. माझ्या आकड्यापासून तो थोडाच दूर होता, कारण ते व्याज दिवसांवर मोजतात आणि महिना कधी 28 दिवसांचा, कधी 31 चा असतो. शंभर-दोनशेचा फरक पडला तर वाद घालायला जाऊ नका. हजारोंचा पडला तर विचारा. फरक खूपच मोठा असेल तर दर शिल्लकेवर नसून सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत लावलेला असण्याची शक्यता असते, ज्याला लोक फ्लॅट रेट म्हणतात. त्या कर्जाला NPER असं थेट लावता येत नाही.

कंसात चौथी आणि पाचवी जागाही असते, ती रिकामी सोडली तरी चालते. चौथीत शेवटी किती शिल्लक ठेवायची ते लिहितात. पाचवीत 1 लिहिलं तर हप्ता महिन्याच्या सुरुवातीला जातो असं धरलं जातं. आपल्या उदाहरणात त्याने जेमतेम पाऊण महिन्याचा फरक पडतो, म्हणून पुढे जाऊ.

हप्ता अर्धा केला तर महिने दुप्पट होत नाहीत

मामींना दहा हजार जास्त वाटत होते. त्यांनी विचारलं, पाच हजार केले तर? माणूस पटकन म्हणतो, दुप्पट वेळ लागेल, 103-104 महिने. B2 मध्ये 5000 टाका. उत्तर येतं 161.75. साडेतेरा वर्षं! एकूण भरणा आठ लाखांच्या वर, म्हणजे चार लाखांवर चार लाख व्याज.

कारण सोपं आहे. पहिल्या महिन्यात चार लाखांवर एक टक्का व्याज, म्हणजे चार हजार. दहा हजारांतले चार व्याजात जातात आणि सहा हजार मुद्दलातून कमी होतात. पाच हजारांतलेही चार व्याजातच जातात, मुद्दलाला मिळतो एक हजार. हप्ता निम्मा झाला, पण मुद्दल फेडणारा भाग सहाव्या हिश्श्यावर आला. 4,500 केलात तर 221 महिने, अठरा वर्षांच्या वर. आणि 3,900 टाकलात की #NUM!.

हा #NUM! म्हणजे शीट बिघडलं नाही. ते सांगतंय की असा कोणताही महिना नाही ज्यात हे कर्ज फिटेल. महिन्याचं व्याज चार हजार आणि भरणा 3,900, म्हणजे दर महिन्याला कर्ज शंभर रुपयांनी वाढणार, आणि त्या शंभरावर पुढे व्याज. म्हणून NPER लावायच्या आधी शेजारच्या खान्यात मी नेहमी एक ओळ लिहून ठेवतो:

```
=B3*B1/12
```

ही आपली रेघ. हप्ता या रेघेच्या वर असला पाहिजे, आणि नुसता वर नाही, बराच वर. रेघेला चिकटून असला तर मुदत रबरासारखी ताणली जाते. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी बोईसरच्या फ्लॅटपाशी परत लागणार आहे.

जून-जुलैचं काय?

52 महिने हे उत्तर घेऊन मी खुश होतो. मामांनी एकच प्रश्न विचारला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. "बंदीत कुठून भरू?"

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना पावसाळ्यात 61 दिवस मासेमारी बंद असते, 1 जून ते 31 जुलै. बोट किनाऱ्यावर ओढलेली, जाळी विणायला काढलेली, आणि कमाई शून्य. वर्षाचे हप्ते बारा नाहीत, दहाच. NPER ला हे सांगायला कंसात जागाच नाही. ते धरून चालतं की प्रत्येक महिन्यात एक हप्ता, सगळे सारखे, एकही खाडा नाही.

पहिली चूक लोक ही करतात की 52 हप्ते भागिले वर्षाला दहा, म्हणजे पाच वर्षं आणि दोन महिने, एकूण 62 महिने. हे उत्तर फक्त एकाच परिस्थितीत बरोबर आहे. जून-जुलैमध्ये तुम्ही हप्ता नाही पण त्या महिन्याचं व्याज भरलंत, तर शिल्लक जागच्या जागी थांबते आणि ऑगस्टमध्ये तिथूनच पुढे सुरू होते. काहीच भरलं नाही तर दोन महिन्यांचं व्याज शिल्लकेत चढतं आणि पुढे व्याजावर व्याज लागतं. तेव्हा एका वर्षाचा हिशेब दोन तुकड्यांत करायचा. दहा महिने हप्ते, मग दोन महिने नुसतं व्याज. कर्ज ऑगस्टच्या सुरुवातीला उचललं आणि पहिला हप्ता ऑगस्टअखेर, असं धरू.

B7 मध्ये `=B3` लिहा, म्हणजे सुरुवातीचे चार लाख. B8 मध्ये हे:

```
=-FV($B$1/12, 10, -$B$2, B7) * (1+$B$1/12)^2
```

हा फॉर्म्युला खाली ओढा. प्रत्येक ओळ म्हणजे एक जुलैअखेर. आकडे असे येतात: पहिल्या वर्षाअखेर 3,44,005, मग 2,80,908, मग 2,09,810, मग 1,29,694, आणि पाचव्या जुलैअखेर 39,417. आणखी एक ओळ ओढलीत तर आकडा वजा होतो, म्हणजे कर्ज त्या वर्षात फिटलं. नक्की कुठल्या महिन्यात, ते आता NPER सांगेल, कारण या शेवटच्या तुकड्यात खाडा नाही:

```
=NPER(B1/12, -B2, 39417)
```

4.04. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असे चार हप्ते आणि वर 414 रुपये. ते चौथ्या हप्त्याबरोबरच देऊन टाकले की मोकळे. म्हणजे 64 महिने. सरळ NPER ने 52 सांगितले होते. 12 महिन्यांचा फरक, आणि त्यातले दहा महिने बंदीचे असले तरी दोन महिने निव्वळ चढलेल्या व्याजाचे आहेत.

एवढं सगळं करायचा कंटाळा आला तर एक जवळचा रस्ता आहे. वर्षाला दहा हजारांचे दहा हप्ते म्हणजे एक लाख, भागिले 12, महिन्याला सरासरी 8,333. हे NPER मध्ये टाकलं तर 65.72 येतं, म्हणजे 66 महिने. खऱ्या 64 पेक्षा थोडं जास्त, कारण या हिशेबात पैसे जरा उशिरा जातात. अंदाजाला चालेल, सही करायला नाही. आणि कर्ज ऑगस्टऐवजी एप्रिलमध्ये उचललंत तर शिल्लक सगळ्यात मोठी असतानाच पहिली बंदी येते, तेव्हा हे आकडे आणखी लांबतात. तुमच्या पहिल्या वर्षाच्या ओळीत 10 च्या जागी जूनपूर्वीचे प्रत्यक्ष हप्ते घाला, बाकी तसंच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शीटमध्ये जून-जुलै रिकामे सोडणं सोपं आहे. कर्जाच्या करारात ते लिहिलेलं नसेल तर मात्र ते रिकामे महिने थकबाकीत मोजले जातात, दंड लागतो, आणि बँकेच्या साध्या मुदतकर्जात हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं बुडीत वर्गात जायची वेळ येते. तेव्हा सही करायच्या आधीच विचारायचं: हप्ते वर्षाला दहा धरता का, आणि बंदीतलं व्याज शिल्लकेत चढवता की वेगळं मागता? मामांच्या पतसंस्थेने दहा हप्ते मान्य केले, व्याज चढेल म्हणाले. म्हणजे आमचं 64 महिन्यांचं गणित लागू. किसान क्रेडिट कार्डाचा प्रश्नही मामांनी काढला होता, 2018-19 च्या अर्थसंकल्पापासून ते मच्छीमारांनाही मिळतं म्हणून. पण त्या खात्यात पैसे काढायचे, भरायचे, परत काढायचे असं चालतं. हप्ता ठरलेला नसतो, त्यामुळे NPER ला तिथे काही काम नाही.

64 ऐकून मामा थोडे नाराज झाले. पाचव्या पावसाळ्याच्या आधी मोकळं व्हायचंय, म्हणाले. मग मी B2 मधला हप्ता थोडा थोडा वाढवत गेलो आणि पाचव्या जुलैचा आकडा बघत राहिलो. 10,574 ला तो शून्यावर येतो. आम्ही 10,600 धरले. तेव्हा पाचव्या वर्षीच्या मे महिन्यात शेवटचा हप्ता, तोही पूर्ण नाही, 8,817 रुपयांचा. महिन्याला सहाशे रुपये जास्त आणि चार महिन्यांचे हप्ते वाचले. एक रुपया जास्त देणार नाही म्हणणारे मामा सहाशेला तयार झाले, कारण पाचवी बंदी कर्जाशिवाय काढायची होती. 

बोईसरचा फ्लॅट आणि ताणलेली मुदत

मी स्वतः बोईसरला राहतो, तारापूर एमआयडीसीत नोकरी. आमच्या भागात बोटीपेक्षा घराची कर्जं जास्त. तिथे NPER चा उपयोग वेगळ्या कारणाने होतो. घराचं कर्ज बहुतेक बदलत्या दराचं असतं. दर वाढला की बँका अनेकदा हप्ता तसाच ठेवतात आणि मुदत वाढवतात. खात्यातून दर महिन्याला तेवढेच पैसे जात असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. अडीच टक्के वाढ, तीही नऊ-दहा महिन्यांत. आता एक उदाहरण करून बघू. 20 लाखांचं कर्ज, 7 टक्के, 20 वर्षं. हप्ता 15,506 बसतो. वर्षभर भरल्यावर शिल्लक साधारण 19,52,421 आणि हप्ते उरले 228. आता हप्ता तोच ठेवून फक्त दर बदलू:

```
=NPER(8%/12, -15506, 1952421)
=NPER(9%/12, -15506, 1952421)
=NPER(9.5%/12, -15506, 1952421)
```

8 टक्क्यांना 275 महिने. 9 ला 387. आणि साडेनऊला 729, म्हणजे साठ वर्षांहून जास्त! मघाची रेघ काढून बघा. 19,52,421 वर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याज 15,457 होतं. हप्ता 15,506. मुद्दलाला मिळतात 49 रुपये. पहिलं वर्षही भरलं नसतं आणि शिल्लक पूर्ण 20 लाख असती तर व्याज 15,833, हप्त्यापेक्षा जास्त, आणि शीटवर थेट #NUM!.

प्रत्यक्षात कुठलीच बँक 729 महिने लावत नाही, वयाची मर्यादा आड येते आणि मग हप्ता वाढवावा लागतो. पण 228 चे 300-350 गुपचूप झालेले मी माझ्या ओळखीत पाहिले आहेत. याच तक्रारींनंतर रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 ला परिपत्रक काढलं. दर बदलला की त्याचा हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होतो ते बँकेने कर्जदाराला कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची मोकळीक द्यायची. मध्येच काही रक्कम एकदम भरायची सोय ठेवायची. आणि मुदत वाढवताना हप्ता व्याजापेक्षा कमी पडून कर्ज वाढत जाणार नाही हे बघायचं. आपल्या शीटच्या भाषेत, #NUM! येऊ द्यायचा नाही.

त्याच परिपत्रकानुसार प्रत्येक तिमाहीला बँकेने विवरण द्यायचं असतं. त्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, किती हप्ते उरले आणि वर्षाचा दर हे असतं. बँकेच्या ॲपमध्ये किंवा ईमेलमध्ये ते शोधा. खातेउताऱ्यातून आजची शिल्लक घ्या, दर आणि हप्ता विवरणातून घ्या, तिन्ही NPER मध्ये टाका आणि जे येईल ते बँकेने छापलेल्या उरलेल्या हप्त्यांशी ताडून बघा. एखाद्या हप्त्याचा फरक गोल करण्यामुळे पडतो. पाच-दहाचा पडला तर आधी दर तपासा, कारण बऱ्याचदा मधल्या काळात दर बदललेला असतो आणि आपण जुनाच टाकलेला असतो. माझ्या एका सहकाऱ्याचं असंच झालं. त्याने 8.5 टाकलं होतं, विवरणात 9.1 होतं. दर दुरुस्त केल्यावर महिने बरोबर जुळले, आणि मग तो मुदत ऐकून हप्ता वाढवायचा अर्ज घेऊन बँकेत गेला.